चाराचा नऊ

*भिवंडीला आमचे पुठ्ठ्याचे बॉक्स बनवण्याचे युनिट आहे. बावीस माणसे. आमच्या फोरमनने गणपतीसाठी २५ ते ३१ ऑगस्ट अशी रजा घेतली आणि तो देवगडकडे गावी गेला. १ सप्टेंबरला यायचा होता. ३ तारखेला व्हॉट्सअ‍ॅपवर मेडिकल सर्टिफिकेटचा फोटो आला आणि माणूस उगवला १० तारखेला. मूळ कागद त्याने आल्यावर दिला. गावातल्या बीएएमएस डॉक्टरांचा आहे, ताप आणि विश्रांती एवढेच लिहिले आहे. दोन्हीच्या प्रती जोडते आहे. दरवर्षी गणपतीनंतर कोणी ना कोणी असा कागद आणतोच. आमचे लेबर कन्सल्टंट म्हणतात, एमबीबीएसचा नसेल तर मानूच नका. घरचे म्हणतात, काढूनच टाक, बाकीच्यांना वचक बसेल. त्याचा पगार २६ हजार आहे आणि नेमणूकपत्रात वर्षाला सात दिवस आजारपणाची भरपगारी रजा लिहिली आहे. कागद खरा की खोटा हे मी ओळखायचे कसे?*

*— एक उद्योजिका, भिवंडी*

ताई, नावे झाकून प्रती पाठवल्यात हे बरे केलेत. आता एक करा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोची प्रिंट काढा आणि ती मूळ कागदाच्या शेजारी ठेवा. मजकूर वाचू नका, फक्त विश्रांतीच्या शेवटच्या तारखेवर बोट ठेवा. फोटोत ती ४/९ आहे. मूळ कागदावर ९/९ आहे.

इंग्रजी चार लिहिताना डोके उघडे ठेवायची काहींना सवय असते. तुमच्या डॉक्टरांना ती आहे. अशा चाराचा नऊ करायला वरून एक छोटी रेघ पुरते. तुम्ही पाठवलेला स्कॅन मी मोठा करून पाहिला. ही रेघ आकड्याच्या बाकीच्या रेषांपेक्षा जाड आहे आणि उजवीकडे तिचे टोक जरा बाहेर आले आहे. दिवसांची संख्या अक्षरात लिहिलेली नाही, नाहीतर ही गोष्ट एवढी सोपी राहिली नसती. बँका चेकवर रक्कम आकड्यात आणि अक्षरात अशी दोनदा लिहायला लावतात ती काही हौस म्हणून नव्हे.

पण थांबा. एवढ्यावरून तुमच्या फोरमनने खाडाखोड केली असे मी म्हणणार नाही. ताप उतरला नाही म्हणून तो ४ तारखेला पुन्हा दवाखान्यात गेला असेल आणि डॉक्टरांनी नवे सर्टिफिकेट लिहायचा कंटाळा करून जुन्यावरच चाराचा नऊ करून दिला असेल, हेही शक्य आहे. काळजी घेणारा डॉक्टर अशा दुरुस्तीशेजारी सही करतो किंवा नवा कागद देतो. पण गावच्या दवाखान्यात, बाहेर वीस पेशंट बसलेले असताना, असे घडते. नव्वद टक्के संशय म्हणजे शंभर टक्के पुरावा नव्हे, आणि ते उरलेले दहा टक्के आपल्याला घरबसल्या मिळत नाहीत. ते डॉक्टरांकडे आहेत.

तुमच्या एका प्रश्नात खरे तर तीन प्रश्न आहेत आणि ते एकत्र कालवले की गोंधळ होतो. कागद त्या डॉक्टरांनीच दिला का आणि जसा दिला तसाच आपल्याकडे आला का, हा पहिला. असा कागद द्यायचा त्यांना अधिकार आहे का, हा दुसरा. आणि माणूस खरेच आजारी होता का, हा तिसरा. पहिल्या दोघांची उत्तरे तुम्ही थोड्या दिवसांत, दोन-तीनशे रुपयांच्या आत मिळवू शकता. तिसऱ्याचे उत्तर माणूस बरा होऊन कामावर आल्यावर कोणालाही मिळत नाही, तुमच्या कंपनीच्या डॉक्टरलाही नाही. १० तारखेला ठणठणीत दिसणारा माणूस ३ तारखेला तापाने फणफणला होता की नाही हे १० तारखेला तपासून कसे कळणार? मालक लोक नेमके याच तिसऱ्या प्रश्नामागे लागतात आणि पहिला सोडून देतात.

कागदाच्या दिसण्याचे म्हणाल तर त्यावर फार विसंबू नका. हे मी पोळलेल्या बोटांनी लिहितो आहे. पर्सोनेल खात्यात नवा असताना माझ्यापुढे एका हेल्परचे सर्टिफिकेट आले. लेटरहेड वाकडे छापलेले, ‘फीव्हर’चे स्पेलिंग चुकलेले, शिक्का अर्धा उमटलेला. मी त्याला कारणे दाखवा नोटीस काढली. पुढे कळले की डॉक्टर पंचाहत्तरीचे होते, लेटरहेड तालुक्याच्या छापखान्यात छापलेले होते आणि हेल्परला सलाइन लावून दोन रात्री तिथल्या बाकावर झोपवले होते. मला त्या माणसाची माफी मागावी लागली, तीही युनियनच्या लोकांसमोर. उलट पैसे घेऊन बनवलेले कागद बहुधा सुबक असतात. आता तर काही संकेतस्थळे न तपासता सर्टिफिकेट पाठवतात आणि त्यावर क्यूआर कोडही असतो. तो स्कॅन केला की ‘हे प्रमाणपत्र खरे आहे’ असे सांगणारे पान उघडते. पान कोणाचे? विकणाऱ्याचेच. दुकानदाराने स्वतःच्याच मालाला दिलेल्या दाखल्यापेक्षा त्याची किंमत जास्त नाही.

मग कागदावर पाहायचे तरी काय? अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेत रजेच्या सर्टिफिकेटचा नमुनाच दिलेला आहे. त्यात रुग्णाची सही किंवा अंगठा डॉक्टरांसमोर घ्यायचा असतो, शरीरावरची एखादी ओळखखूण लिहायची असते, आजाराचे स्वरूप, गैरहजेरीचा काळ, ठिकाण, तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक द्यायचा असतो. रुग्णाची सही का? कारण ती हजेरीपटावरच्या सहीशी ताडून पाहता येते. रामभाऊंच्या नावाचे सर्टिफिकेट शामराव जाऊन घेऊन आले तर ते तिथे सापडते. प्रत्यक्षात बरीच सर्टिफिकेटे या नमुन्याप्रमाणे नसतात. तुमच्याकडच्या कागदावरही फोरमनची सही नाही. तुमचे डॉक्टर आयुर्वेदाचे आहेत, त्यांची आचारसंहिता वेगळी आहे. म्हणून सही नाही एवढ्या कारणाने कागद फेटाळू नका. सही असती तर तुमचे काम सोपे झाले असते, इतकेच.

इथेच तुमच्या कन्सल्टंटचा मुद्दा निकालात काढू. एमबीबीएस नसेल तर मानू नका, हे चूक आहे. राज्याच्या नोंदवहीत नाव असलेल्या वैद्याला आजारपणाचे आणि फिटनेसचे सर्टिफिकेट देण्याचा अधिकार भारतीय वैद्यकाच्या १९७० च्या केंद्रीय कायद्यानेच दिला होता आणि होमिओपॅथीच्या १९७३ च्या कायद्यातही तशीच तरतूद होती. हे कायदे पुढे बदलले, नोंदणीकृत वैद्याचा हक्क गेला नाही. कोकणातल्या गावात रात्री नऊ वाजता जो दरवाजा उघडतो तो बहुतेक वेळा बीएएमएस डॉक्टरचाच असतो. त्याचा कागद मानायचा नाही तर कामगाराने जायचे कुठे? पाहायचे ते एवढेच की नाव योग्य नोंदवहीत आहे का. एमबीबीएस आणि पुढे शिकलेल्यांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते, आयुर्वेद आणि युनानीवाल्यांची महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे, होमिओपॅथची महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेकडे. बीएएमएसचा क्रमांक एमबीबीएसच्या यादीत शोधायचा आणि सापडला नाही म्हणून डॉक्टर बोगस ठरवायचा, ही चूक मी मोठमोठ्या कंपन्यांत पाहिली आहे. डॉक्टर कर्नाटकातले किंवा उत्तर प्रदेशातले असतील तर त्यांचे नाव त्या त्या राज्याच्या परिषदेत पाहायचे. भिवंडीत तुमच्याकडे युपीची माणसे असणारच, म्हणून सांगतो.

परिषदेच्या यादीत क्रमांक सापडला की लोक निर्धास्त होतात. होऊ नका. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात असताना तीन महिन्यांत पाच जणांची सर्टिफिकेटे एकाच डॉक्टरांची आली. क्रमांक पाहिला, नोंदवहीत होता. नाव जुळत होते. शिक्का जुळत होता. मी समाधानाने फाइल बंद केली. मग एके दिवशी त्या भागातून येणारा टाइमकीपर सहज म्हणाला, “साहेब, हे डॉक्टर तर वारले. दोन वर्षं झाली.” शिक्का आणि लेटरहेडचा गठ्ठा कंपाउंडरकडे राहिला होता आणि त्याने त्यावर आपला छोटासा धंदा चालवला होता. नोंदणी क्रमांक लपवलेला नसतो, तो दवाखान्यात टांगलेला असतो, चिठ्ठीवर असतो, पावतीवर असतो. कोणीही तो उचलून शिक्का बनवू शकतो. म्हणून क्रमांक बरोबर असणे म्हणजे असा डॉक्टर आहे एवढेच सिद्ध होते. कागद त्याने दिला, हे नाही.

ते सिद्ध होते फक्त एका जागी, डॉक्टरांच्या स्थळप्रतीत. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरने दिलेल्या सर्टिफिकेटांची नोंदवही ठेवावी आणि प्रत्येकाची प्रत जपावी असे २००२ च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे. वैद्यांकडेही बहुतेक ठिकाणी छापील पुस्तक असते, कार्बन लावून लिहिलेले किंवा अर्धुक शिल्लक राहणारे. तुमच्या फोरमनच्या बाबतीत हा कार्बन सोन्याच्या मोलाचा आहे. वरच्या कागदावर नंतर ओढलेली रेघ खालच्या प्रतीवर उमटत नाही.

आता विचारायचे कसे, यात निम्मे शहाणपण आहे. लेटरहेडवर छापलेल्या मोबाइलवर फोन करू नका. कागद बनावट असेल तर नंबरही बनवणाऱ्याच्याच खिशात वाजणार. दवाखान्याचा नंबर गावच्या मेडिकल स्टोअरकडून, ग्रामपंचायतीकडून किंवा त्या भागातल्या तुमच्या दुसऱ्या कामगाराकडून मिळवा. तालुक्याच्या ठिकाणी तो नकाशावरही सापडतो. फोन फक्त ओळख द्यायला आणि पत्र पाठवतो आहोत हे सांगायला करा. फोनवर डॉक्टर काही सांगायला तयार झाले नाहीत तर त्यांच्यावर चिडू नका, ते बरोबर वागत आहेत. समोर कोण बोलते आहे हे त्यांना ठाऊक नाही आणि रुग्णाची माहिती बाहेर न देण्याचे त्यांच्यावर बंधन आहे. म्हणूनच तुमच्या पत्रात आजाराबद्दल एक अक्षर विचारायचे नाही. तुम्हाला आजार जाणून घ्यायचाच नाहीये, कागद ताडून पाहायचा आहे.

आणि त्याआधी फोरमनकडून दोन ओळी लिहून घ्या: ‘मी सादर केलेल्या प्रमाणपत्राची संबंधित डॉक्टरांकडे खातरजमा करण्यास माझी हरकत नाही.’ तारीख, सही. या दोन ओळींचे दोन उपयोग आहेत. डॉक्टरांना उत्तर देणे सोपे जाते, हा एक. दुसरा उपयोग मी अनेकदा पाहिला आहे. कागद समोर सरकवल्यावर जो खरेच आजारी होता तो चटकन सही करतो, कधी थोडा रागावतोही. ज्याला काही लपवायचे आहे तो सहसा म्हणतो, “मॅडम, डॉक्टर आता गावी नसतात.” अर्थात हा पुरावा नव्हे, नुसता अंदाज. भिडस्त माणूसही कचरतो. त्याने सही नाकारली तरी पत्र पाठवायला अडचण नाही, कारण कागद त्यानेच तुम्हाला दिलेला आहे आणि तुम्ही त्या कागदाबद्दलच विचारता आहात.

उत्तर तीनपैकी एक येईल. डॉक्टर म्हणतील, होय, ९ तारखेपर्यंत विश्रांती मीच वाढवून दिली. मग विषय संपला. ती वाढ त्यांच्या सहीने लिहून मागा, फाइलला लावा आणि फोरमनशी पुन्हा या विषयावर बोलू नका. अनंत चतुर्दशी ६ तारखेला होती आणि विसर्जन आटोपूनच स्वारी निघाली, हे तुमच्या मनात आलेच असेल. माझ्याही आले. पण ताप काही पंचांग पाहून येत-जात नाही आणि डॉक्टरांनी लेखी दुजोरा दिल्यावर आपल्या मनातल्या गोष्टीला हजेरीपटावर जागा नाही.

दुसरे उत्तर, माझ्या प्रतीवर ४ तारीख आहे. मग फोरमनने कागदात बदल केला किंवा करवून घेतला असा आरोप ठेवता येतो. तिसरे उत्तर म्हणजे उत्तरच न येणे. दहा दिवस थांबा, स्पीड पोस्टाने एक स्मरणपत्र पाठवा. तरीही शांतता असेल तर संशयाचा फायदा पहिल्या चार दिवसांपुरता फोरमनला द्या, कारण ३ तारखेच्या फोटोत तेवढे निर्विवाद दिसते आहे, आणि उरलेल्या दिवसांबद्दल त्याच्याकडून लेखी खुलासा घ्या. दोन्ही प्रतींत तारीख वेगळी का, एवढा एकच प्रश्न त्याला विचारा. ‘तू खोटारडा आहेस का’ हा प्रश्न नोटिशीत चालत नाही.

दुसरे उत्तर आले असे धरून पैशांचा हिशेब करू. १ ते ४ सप्टेंबर हे चार दिवस डॉक्टरांनी सांगितलेल्या विश्रांतीचे आहेत, ते त्याच्या सात दिवसांच्या आजारपणाच्या रजेतून वजा करा आणि पगार पूर्ण द्या. त्याने पुढे खाडाखोड केली म्हणून आधीचा खरा ताप खोटा होत नाही. ५, ६, ८ आणि ९ हे चार कामाचे दिवस विनापरवाना गैरहजेरीचे. ७ तारखेचा रविवार कसा धरायचा हे तुमच्या लेखी नियमात नसेल तर तो त्याच्या बाजूने सोडा. तुम्ही महिना सव्वीस दिवसांचा धरत असाल तर दिवसाला १,००० रुपयांप्रमाणे ४,००० रुपये कापले जातील. काम न केलेल्या दिवसांचा पगार न देणे ही शिक्षा नव्हे, त्यामुळे त्यासाठी चौकशी लागत नाही. शिक्षा करायची असेल तर मात्र लागते. लेखी आरोपपत्र, त्याचे म्हणणे, दोन्ही कागद आणि डॉक्टरांचे पत्र समोर ठेवून चौकशी, तीही तुमच्या घरच्या माणसाऐवजी शक्यतो बाहेरच्या माणसाकडून. हे न करता ‘काढूनच टाक’ केले तर कोर्टात बनावट कागदाच्या आधी, चौकशी का केली नाही हे विचारतील. आणि फोरमनच्या आधीच्या नोंदी स्वच्छ असतील तर चार दिवसांसाठी नोकरी घालवणे कोर्टाला फार वाटण्याचीच शक्यता जास्त. माझ्या मते लेखी ताकीद आणि बिनपगारी, एवढे पुरे. वचक त्यानेही बसतो, कारण डॉक्टरांकडून पत्र येते ही बातमी शॉपफ्लोरवर दुपारच्या डब्याच्या आत पोहोचते.

एक सावधगिरी. फोरमनचा पगार २६ हजार म्हणून तो कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, म्हणजे ईएसआयच्या बाहेर आहे, पण तुमच्या बाकीच्या माणसांत २१ हजारांपर्यंत पगार असलेले ईएसआयमध्ये असतील. त्यांच्या आजारपणाचा रोख लाभ महामंडळ देते, सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. तिथे सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरचेच लागते, आणि तो लाभ चालू असताना कामगाराला कामावरून काढायला किंवा शिक्षा करायला कायद्याने मनाई आहे. ईएसआयच्या सर्टिफिकेटाबद्दल शंका असेल तर आपण डॉक्टरांशी हुज्जत घालायची नाही, शाखा कार्यालयाला लेखी कळवायचे. दुसऱ्या मतासाठी त्यांच्याकडे मेडिकल रेफरीची सोय असते.

आता तो तिसरा प्रश्न, खरेच आजारी होता का. याचे उत्तर मिळायची वेळ एकच, माणूस आजारी असतानाची. सरकारी नोकरांच्या रजा नियमांत म्हणूनच तरतूद आहे की शंका आली तर सक्षम अधिकारी जिल्हा शल्यचिकित्सकांकडून लवकरात लवकर दुसरी तपासणी करून घेऊ शकतो. ‘लवकरात लवकर’ या शब्दांतच सगळे आले. तुम्ही तुमच्या माणसांसाठी असा नियम करू शकता: आजारी पडल्यापासून दोन दिवसांत कळवायचे, फोटो आणि गावचा पत्ता पाठवायचा, मूळ कागद रुजू होताना द्यायचा, रजा वाढली तर जुन्या कागदावर दुरुस्ती चालणार नाही, नवे सर्टिफिकेट लागेल. पाच दिवसांच्या वर आजारपण असेल तर फिटनेसही. आणि कंपनी स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांकडे तपासणीला पाठवू शकेल. नियम मराठीत आणि हिंदीत लिहून फलकावर लावा, प्रत्येकाची सही घ्या. ३ तारखेला तुमच्याकडे असा नियम असता तर देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढून फोटो पाठव, एवढे त्याला सांगता आले असते. खरा तापकरी तिथे जातो. नुसता विसर्जनाला थांबलेला माणूस बहुधा दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसतो.

औषधांची बिले मागावीत का, असे बरेच जण विचारतात म्हणून तेही सांगतो. मागा, पण सक्ती करू नका. गावचे डॉक्टर गोळ्या स्वतःच्याच डब्यातून कागदाच्या पुडीत बांधून देतात, इंजेक्शन देतात, ऐंशी-शंभर रुपये घेतात आणि पावतीचा विषयही निघत नाही. बिल नसणे हा तिथे खोटेपणा नाही, तिथली रीत आहे. रक्ताचा रिपोर्ट वाचून आजार खरा की खोटा ठरवायला मात्र अजिबात जाऊ नका. आपण बॉक्स बनवतो.

तुमचा गेल्या तीन वर्षांचा हजेरीपटही एकदा उघडून पाहा. ‘दरवर्षी गणपतीनंतर’ असे तुम्ही लिहिलेत. कोकणातला माणूस बारा दिवस मागतो, तुम्ही सात देता आणि उरलेले पाच डॉक्टर देतात, असा तर हिशेब बसत नाही ना? बसत असेल तर चार चांगल्या माणसांना आळीपाळीने अनंत चतुर्दशीपर्यंत बिनपगारी रजा देऊन टाका. परतीच्या गाड्यांची तिकिटे कधी संपतात हे तुम्हालाही माहीत आहे. तुमचे नुकसान तेवढेच होईल, पण कोणाला आकडे गिरवावे लागणार नाहीत.

डॉक्टरांना पाठवायच्या पत्राचा मजकूर खाली देतो. लेटरहेडवर घ्या, दोन्ही प्रती आणि फोरमनचे संमतीपत्र जोडा, उत्तरासाठी आपला पत्ता लिहिलेले तिकीट लावलेले पाकीट आत घाला. हे पाकीट विसरू नका, त्यानेच उत्तरे येतात.

‘मा. डॉक्टर, स. न. आमच्याकडे नोकरीस असलेल्या व्यक्तीने आपल्या दवाखान्याचे, १ सप्टेंबर या तारखेचे प्रमाणपत्र सादर केले आहे. त्याच्या दोन प्रती सोबत जोडल्या आहेत. कृपया पुढील दोन बाबी आपल्या सही-शिक्क्यासह कळवाव्यात. हे प्रमाणपत्र आपण दिले आहे काय? आपल्याकडील नोंदीनुसार विश्रांतीची शेवटची तारीख कोणती आहे? आजाराचे स्वरूप व उपचार यांची माहिती आम्हाला नको आहे. संबंधितांचे संमतीपत्र सोबत आहे. कळावे.’